एकच गोळी, पण औषधं दोन

प्रश्न: परदेशात हातात आलेल्या औषधाच्या खोक्यावरून ते आपल्याकडच्या कुठल्या गोळीसारखं आहे हे कसं ओळखायचं? नुसत्या नावावरून शोधलं तर चालतं का? आणि सोबत किती दिवसांची औषधं न्यावीत?

नावावरून शोधलं तर चालत नाही. मोठ्या अक्षरात छापलेलं ते नाव कंपनीने ठेवलेलं असतं. खोक्यात काय आहे ते त्याच्या खाली बारीक अक्षरात असतं. तेवढीच ओळ वाचायची आणि आपल्या स्ट्रिपच्या पाठीमागची तशीच ओळ शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून बघायची. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण ही दुसरी ओळ हाताशी नव्हती म्हणून माझ्या आईचे चार दिवस अर्ध्या औषधावर गेले, आणि ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

आई आणि मी जर्मनीत फिरायला गेलो होतो. रविवारी संध्याकाळी रेल्वेतून उतरताना तिची हातातली पिशवी डब्यातच राहिली. पासपोर्ट माझ्याकडे होते, पण औषधं त्या पिशवीत होती. पर्समध्ये स्ट्रिपचा एक तुकडा तेवढा सापडला, त्यात दोन गोळ्या. आईची पूर्वीपासूनची सवय अशी की लागतील तेवढ्याच गोळ्या कात्रीने कापून डबीत भरायच्या. त्या तुकड्याच्या मागे ब्रँडचं नाव अर्धवट दिसत होतं आणि त्यापुढे ५० हा आकडा. आकड्याच्या पुढचं काही असेल तर ते कात्रीखाली गेलेलं. घटकांचा मजकूर स्ट्रिपच्या पाठीवर एकाच जागी छापलेला असतो, आणि तो भाग दुसऱ्या तुकड्यावर होता.

सोमवारी एका डॉक्टरांकडे गेलो. तिथे बीपीचं औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. डॉक्टरांना आपल्याकडचं ब्रँडचं नाव काहीच सांगत नव्हतं, त्यांनी ते कधी ऐकलेलंच नव्हतं. म्हणून मी दादाला फोन लावला. आईची औषधं वर्षानुवर्षं तोच आणतो. तो लगेच म्हणाला, "अगं, ते मेटोप्रोलॉल. पन्नासचं. सकाळी एक." डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेतात का? दादा म्हणाला, "नाही, बीपीची एकच गोळी आहे." आईनेही मान डोलावली. दोघंही खरंच बोलत होते. ती रोज सकाळी एकच गोळी घ्यायची.

औषधाच्या दुकानातून खोकं मिळालं त्यावर मेटोप्रोलॉलसुक्सिनात ४७,५ मि.ग्रॅ. असं लिहिलेलं होतं आणि पुढे 'रेटार्ड' हा शब्द. त्याचा फोटो मी दादाला पाठवला. त्याने आधी स्वल्पविराम नजरेआड करून ४७५ वाचलं आणि फोनवर ओरडलाच, "दहापट डोस दिलाय!" जर्मनीत, आणि युरोपच्या बऱ्याच भागात, दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. ४७,५ म्हणजे आपले ४७.५. हे समजल्यावर त्याचं दुसरं सुरू झालं, की मग पन्नास का नाही, अडीच कमी का?

इथे थोडं थांबून सांगते, कारण परदेशी खोक्यावरच्या आकड्याने माणूस नेमका इथेच गोंधळतो. आपल्याकडे 'सॉल्ट तेच आहे ना' असं आपण सर्रास म्हणतो आणि त्याचा अर्थ 'औषध तेच' असा धरतो. पण सॉल्ट म्हणजे मूळ औषधाला जोडलेला क्षार. मेटोप्रोलॉल हे मूळ औषध, ते टार्ट्रेटच्या रूपात येतं किंवा सक्सिनेटच्या रूपात. दोन्ही क्षारांचं वजन वेगळं, म्हणून आतलं औषध तितकंच ठेवायचं तर एकाचे ५० मि.ग्रॅ. आणि दुसऱ्याचे ४७.५ मि.ग्रॅ. घ्यावे लागतात. दोन्हीत मूळ मेटोप्रोलॉल साधारण ३९ मि.ग्रॅ. भरतं. अमेरिकेत या सक्सिनेटच्या गोळीवर ५० लिहितात आणि जर्मनीत ४७,५, पण आतलं औषध तेवढंच. खोक्यातला कागद उघडला तर त्यात 'अंटश्प्रेखेंड' हा शब्द दिसतो, म्हणजे 'इतक्याच्या बरोबरीचे', आणि त्यापुढे ५० मि.ग्रॅ. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट. आपल्या स्ट्रिपवरही हे वाक्य असतं, इंग्रजीत. कधी कोणी वाचत नाही, तेवढंच.

'रेटार्ड' म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी, आपल्याकडे ज्याला एक्सआर किंवा एक्सएल म्हणतात ती. मेटोप्रोलॉलच्या बाबतीत हा शब्द फार महत्त्वाचा आहे. साधी टार्ट्रेटची गोळी बहुधा दिवसातून दोनदा घेतात आणि हळू सुटणारी सक्सिनेटची एकदाच. घटक तोच आणि आकडाही तोच, पण हा शब्द नसेल तर गोळी वेगळी. दिवसातून एकदा घ्यायची सवय असलेल्या माणसाने साधी गोळी एकदाच घेतली, तर संध्याकाळी त्याच्या अंगात औषध पुरेसं नसतं. आणि हळू सुटणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

तर घटक जुळला, क्षार जुळला, मात्रा जुळली, हळू सुटणारी हेही जुळलं. मी निश्चिंत झाले. उरलेल्या दोन गोळ्या आईने सोमवारी आणि मंगळवारी घेतल्या, आणि बुधवारपासून जर्मन खोकं सुरू केलं.

शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, डोकं जड झालंय. शनिवारी सकाळी मानेपासून ठणका. मी खाली जाऊन डोकेदुखीचं एक खोकं घेऊन आले. तोपर्यंत खोक्याची पाठ वाचायची सवय लागली होती, म्हणून 'विर्कश्टॉफ' शब्द शोधला. विर्कश्टॉफ म्हणजे काम करणारा घटक. एकापेक्षा जास्त असतील तर शब्द 'विर्कश्टॉफं' असा होतो. त्या खोक्यावर तोच होता आणि पुढे तीन नावं: ॲस्पिरिन (तिथे त्याचं रासायनिक नाव लिहितात, आत्सेटिलसॅलिसिलझॉइरं), पॅरासिटामॉल आणि कॅफिन. एका गोळीत तीन औषधं.

ते वाचून माझ्या पोटात गोळाच आला. डोकेदुखीच्या एका गोळीत तीन औषधं असू शकतात, तर आईच्या गोळीत किती होती? आम्ही सगळ्यांनी गोळ्या मोजल्या होत्या. घटक कोणीच मोजले नव्हते.

ते खोकं मी तिला दिलंच नाही. खालच्या दुकानात नेऊन तिचं बीपी मोजून घेतलं. १७४/९८. नाडी मात्र ६२. या दोन आकड्यांकडे नीट बघा. मेटोप्रोलॉल हृदयाची गती आवरतं. नाडी ६२ म्हणजे ते औषध पोटात जात होतं आणि आपलं काम करत होतं. गोळी बनावट असती किंवा मात्रा चुकली असती, तर नाडीही वाढलेली दिसायची शक्यता होती. नाडी ताब्यात आणि दाब चढलेला, याचा अर्थ रक्तवाहिन्या सैल ठेवणारं दुसरं काहीतरी रोज मिळत होतं आणि आता मिळत नव्हतं. अर्थात हे एवढं मला त्या क्षणी सुचलं नाही, नंतर डॉक्टरांनी समजावलं. मला फक्त शंका आली होती.

वहिनीला फोन केला. कपाटात आईची एक अख्खी स्ट्रिप होती. म्हटलं, "पुढची बाजू नको, पाठीचा फोटो पाठव, आणि बारीक अक्षरं वाचता येतील असा." दोन मिनिटांत फोटो आला. पहिल्या ओळीत मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५, टार्ट्रेट ५० च्या बरोबरीचं. अगदी जर्मन खोक्यासारखंच. आणि त्याखाली दुसरी ओळ: ॲम्लोडिपिन बेसिलेट, ॲम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ. च्या बरोबरीचं. नावाच्या शेवटी दोन अक्षरं होती, ती ॲम्लोडिपिनसाठी. तीच कात्रीखाली गेली होती, आणि दादा बोलताना ती कधी उच्चारतच नव्हता.

मग पहिले दिवस काहीच का जाणवलं नाही? कारण ॲम्लोडिपिन अंगातून फार सावकाश जातं. ते निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. मंगळवारच्या गोळीतलं औषध बुधवारी, गुरुवारी बऱ्यापैकी शिल्लक होतं, शनिवारपर्यंत थोडंसंच उरलं. अशा औषधाची उणीव पहिल्या दिवशी दिसत नाही. म्हणून 'दोन दिवस घेतलं, काही त्रास नाही, म्हणजे औषध जुळलं' हा निष्कर्ष कधीही काढू नका. तोच निष्कर्ष मी गुरुवारी काढला होता आणि दादाला तसं कळवलंही होतं.

जर्मनीत दवाखाने बंद असताना ११६११७ या क्रमांकावर फोन केला की डॉक्टरांची सोय होते. तिथून दुपारी डॉक्टर मिळाले. वहिनीने पाठवलेला फोटो त्यांच्यासमोर धरला. आपली भाषा त्यांना येत नव्हती, ब्रँड ओळखीचा नव्हता, पण त्या दोन ओळी वाचायला त्यांना काही सेकंद लागले. चिठ्ठी लिहिली: ॲम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ. तिकडे 'आमलोडिपीन' असं म्हणतात. मग आई सकाळी दोन खोक्यांतून दोन गोळ्या घेऊ लागली. मिळून तिचीच जुनी एक गोळी. दाब लगेच उतरला नाही, कारण जे सावकाश जातं ते सावकाशच साठतं. पुढच्या शुक्रवारी १३८/८४ होता.

आता दादाचं म्हणणं. ते मी आजही ऐकते. "मी मेटोप्रोलॉल सांगितलं ते चुकीचं होतं का? दुसऱ्या डॉक्टरांनी तेच चालू ठेवलं ना?" चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. त्याचं दुसरं म्हणणं असं की ही अवघड नावं लक्षात ठेवणं डॉक्टरांचं काम, आपण ब्रँड सांगावा, त्यांनी शोधून काढावा. यावर माझं उत्तर असं, की ब्रँड सीमेच्या पलीकडे गेला की त्याचा अर्थच बदलू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली नागरिकांना नेमका हाच इशारा दिला होता. फ्लोमॅक्स हे नाव अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरच्या टॅमसुलोसिनचं, आणि इटलीत त्याच नावाने सूज-वेदना कमी करणारं वेगळंच औषध मिळत होतं. डायलाकोर अमेरिकेत डिल्टियाझेम, तर सर्बियात डिगॉक्सिन. दोन्ही हृदयाचीच औषधं, पण एकाच्या जागी दुसरं घेतलं तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांनी 'शोधून काढावा' म्हणजे त्यांनी अंदाज बांधावा, आणि अंदाज आपल्या माणसावर बांधला जातो.

घटकाचं नाव मात्र सहसा दगा देत नाही. जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून प्रत्येक औषधाला जगभर चालणारं एकच नाव ठरवून देते. भाषेप्रमाणे फक्त शेपूट बदलतं. ॲम्लोडिपिन स्पॅनिशमध्ये आम्लोदिपिनो, इटालियनमध्ये आम्लोदिपिना, ब्राझीलमध्ये तर म चा न होऊन आन्लोदिपिनो. मेटोप्रोलॉल इटालियनमध्ये मेतोप्रोलोलो. तरी मधला कणा ओळखू येतो: '-ओलॉल' दिसलं की नाडी आवरणारा बीटा ब्लॉकर, '-डिपिन' दिसलं की रक्तवाहिन्या सैल करणारं. हे दोन कणे दादाला माहीत असते, तर आईच्या स्ट्रिपवर ते दोन्ही आहेत हे त्याला कधीच दिसलं असतं.

अपवाद आहेत, आणि ते पाठच करून ठेवावेत असे आहेत. अमेरिकेत आणि जपानमध्ये पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. ॲड्रिनलिन तिकडे एपिनेफ्रिन. अशी नावं थोडीच आहेत, पण पॅरासिटामॉलची जोडी माहीत नसेल तर तापासाठी एक आणि सर्दीसाठी एक अशी दोन खोकी घेऊन माणूस नकळत दुप्पट मात्रा घेतो, आणि त्याचा भार यकृतावर पडतो.

बारीक ओळ सापडत नसेल तर खोक्यातला कागद उघडा. युरोपीय संघातल्या औषधांच्या कागदात सहा भाग असतात, सगळ्या देशांत त्याच क्रमाने. थेट सहाव्या भागावर जा. त्याच्या सुरुवातीला काम करणारा घटक आणि त्याची मात्रा लिहिलेली असते, आणि त्यानंतर इतर घटक. ते इतर म्हणजे रंग, स्टार्च, लॅक्टोज वगैरे. औषध जुळवताना त्यांच्यात अडकू नका, फक्त लॅक्टोज चालत नसेल किंवा कशाची ॲलर्जी असेल तर तेवढं बघा.

आता हे आधीच सांगायला हवं होतं, पण सांगते. हे सगळं ओळखण्यासाठी आहे, स्वतःच अदलाबदल करण्यासाठी नाही. मी स्वतः डॉक्टर नाही. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, फिट्सची औषधं, इन्सुलिन यांच्या बाबतीत घटक आणि आकडा जुळला तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बदलू नका. तिथे थोडा फरकही महागात पडतो. थायरॉइडच्या गोळीवर मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, ती मिलिग्रॅम समजून वाचली तर हजारपटीची चूक होते. आणि मेटोप्रोलॉलसारखं औषध 'सापडत नाही तोवर राहू दे' म्हणून एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यास नाडी आणि दाब उसळतात, हृदयविकार असेल तर छातीत दुखणं वाढू शकतं.

किती दिवसांची औषधं न्यावीत हा तुमचा प्रश्न राहिलाच. प्रवासाच्या दिवसांपेक्षा थोडी जास्तच न्या, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. किती चालतात याचे नियम देशागणिक वेगळे असतात, झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या गोळ्यांबाबत विशेषतः कडक, ते त्या देशाच्या वकिलातीकडून विचारून घ्या. माझ्या मते किती गोळ्या नेल्या यापेक्षा प्रत्येक औषधाची एक न कापलेली स्ट्रिप सोबत असणं जास्त महत्त्वाचं आहे. कात्री लावूच नका. लावायचीच असेल तर आधी पाठीचा फोटो काढा.

आईच्या पर्समध्ये आता एक कार्ड असतं. त्यावर ब्रँडचं नाव लिहिलेलंच नाही. फक्त दोन ओळी इंग्रजीत: मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५ मि.ग्रॅ., हळू सुटणारी, सकाळी. ॲम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ., सकाळी. खाली: दोन्ही एकाच गोळीत.

पुढच्या महिन्यात दादा स्वतः परदेशी निघालाय. त्यालाही गेल्या वर्षीपासून बीपीचं औषध चालू आहे. काय घेतोस विचारलं तर म्हणाला, "एकच गोळी आहे गं." वहिनीकडून पाठीचा फोटो मागवला. टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. दादा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. तीन ओळी आहेत. कार्ड मी लिहून वहिनीकडे दिलंय, ते पाकिटात ठेव.